मार्गदर्शिकेतील 'बनगरवाडी'

परळी वैजनाथच्या परिसरात मराठीतून पदवी-परीक्षा रुजली ती उशिरा. निजामी राजवटीत 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ आले ते 1958 साली. प्रश्नपत्रिका विद्यापीठात ठरे, उत्तरे अनोळखी परीक्षक तपाशी. या अंतरातच मार्गदर्शिकेला जागा मिळाली.

आशयसूत्रे, व्यक्तिरेखा आणि अवतरणे हे तिचे तीन कप्पे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) त्यांत घालून पाहावी. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी यांना एकेक परिच्छेद मिळतो आणि राजाराम मास्तर 'नायक' ठरतो. वस्तुतः तो निवेदक आहे. वाडी त्याला हळूहळू उमगते, कारभाऱ्याशी त्याचे नाते बदलत जाते; कादंबरी घडते ती या क्रमातून, आणि परिच्छेदात नेमका तोच पुसला जातो. दुष्काळ 'आशयसूत्रां'त जातो, माणसे 'व्यक्तिरेखां'त. दुष्काळाने तीच माणसे परागंदा होतात, हा संबंध दोहोंच्या मध्ये हरवतो. अवतरणांची गत याहून वाईट. मास्तराचे वाक्य 'माडगूळकर म्हणतात' म्हणून उत्तरपत्रिकेत उतरते, आणि मूळ पुस्तक न उघडल्याची खूण परीक्षकाला तेथेच सापडते. तरीही 'निवेदक' हा शब्द अनेक विद्यार्थ्यांना प्रथम भेटला तो याच पुस्तिकेत.