विलंबित उपदानावरील व्याज

विलंबित उपदानावरील व्याज म्हणजे निवृत्त कर्मचाऱ्यास उपदान (ग्रॅच्युइटी) विहित मुदतीत न मिळाल्यास मूळ रकमेव्यतिरिक्त देय होणारे व्याज. भारतात खासगी आस्थापनांसाठी ही तरतूद उपदान प्रदान अधिनियम, १९७२ च्या कलम ७(३-अ) मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून तीस दिवसांची मुदत व सरळव्याज या दोन्ही गोष्टी संहितेच्या कलम ५६ मध्ये कायम आहेत. त्यापूर्वी निर्माण झालेल्या हक्कांना जुना अधिनियम लागू होतो. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र निवृत्तिवेतन नियम आहेत.

## मुदत आणि दर

निवृत्तीनंतर उपदानाची रक्कम निश्चित करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कर्मचाऱ्याने अर्ज केलेला नसला तरी ते टळत नाही. उपदान देय झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम द्यावी लागते.

कलम ७(३-अ) मूळ अधिनियमात नव्हते. ते १९८७ च्या दुरुस्तीने आले आणि केंद्र सरकारने दर साल दर शेकडा १० हा दर अधिसूचित केला. मुदत चुकल्यास व्याज एकतिसाव्या दिवसापासून नव्हे, तर उपदान देय झाल्याच्या दिनांकापासून मोजले जाते. तीस दिवसांची सवलत केवळ वेळेत रक्कम देणाऱ्या मालकास मिळते.

## उदाहरण

एका कर्मचाऱ्याचे अखेरचे मासिक वेतन (मूळ वेतन व महागाई भत्ता) २६,००० रुपये आणि सेवा २० वर्षे आहे, असे मानू. उपदानासाठी महिन्याचे २६ दिवस धरून प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळते. म्हणजे वर्षाला १५,००० आणि एकूण ३,००,००० रुपये होतात. कर्मचारी ३० जून २०२२ रोजी निवृत्त झाला आणि रक्कम १८ एप्रिल २०२३ रोजी बँकेत जमा झाली, तर विलंब २९२ दिवसांचा होतो.

३,००,००० × १०/१०० × २९२/३६५ = २४,००० रुपये

मालकाने पहिले तीस दिवस वगळून हिशेब केल्यास २१,५३४ रुपयेच येतात. सुमारे २,४६६ रुपयांची ही तूट हिशेबातील दिवसांची संख्या तपासल्यास लक्षात येते.

## अपवाद

विलंब कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे झाला असल्यास व्याज देय नसते. मात्र त्यासाठी मालकाने त्याच कारणास्तव नियंत्रक प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतलेली असणे आवश्यक आहे. कर्मचाऱ्याने कागदपत्रे दिली नाहीत एवढे नंतर सांगणे पुरेसे नाही. कर्नाटकातील एका महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये असे ठरवले की, हे दोन्ही घटक नसतील तर व्याज देणे बंधनकारक असून ते नाकारण्याचा स्वेच्छाधिकार उरत नाही.

## दाव्याची पद्धत

१९७२ च्या केंद्रीय नियमांनुसार कर्मचारी प्रथम नमुना ‘आय’ मध्ये मालकाकडे अर्ज करतो. त्यासाठी तीस दिवसांची मुदत असली, तरी केवळ उशिरा केला म्हणून दावा अवैध ठरत नाही. मालकाने पंधरा दिवसांत नमुना ‘एल’ द्वारे रक्कम कळवावी किंवा नमुना ‘एम’ द्वारे नकाराची कारणे द्यावीत.

नकार मिळाल्यास किंवा उत्तरच न आल्यास नव्वद दिवसांत नमुना ‘एन’ मध्ये नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पुरेसे कारण दाखवल्यास उशिराचा अर्जही स्वीकारला जातो. मूळ रक्कम मिळाली पण व्याज मिळाले नाही, अशा वेळी निवृत्तीचा आदेश, अर्जाची पोच आणि रक्कम जमा झाल्याची बँकेतील नोंद हे मुख्य पुरावे असतात. रक्कम स्वीकारताना ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही करावी लागत असल्यास व्याजाचा हक्क राखून ठेवल्याचे तीवर लिहिणे उपयुक्त ठरते.

आदेशानंतरही मालकाने रक्कम न दिल्यास, कलम ८ नुसार प्राधिकारी जिल्हाधिकाऱ्यास वसुली प्रमाणपत्र पाठवतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. या टप्प्यावर चक्रवाढ व्याज लागते, परंतु ते उपदानाच्या मूळ रकमेपेक्षा अधिक असू शकत नाही.

## सरकारी कर्मचारी

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १२९-अ नुसार उपदानास तीन महिन्यांहून अधिक विलंब झाल्यास, तीन महिन्यांपुढील काळासाठी भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज मिळते. येथे विलंब प्रशासकीय चुकीमुळे झाल्याचे सिद्ध व्हावे लागते. निवृत्तिवेतनाच्या विलंबासाठी नियम १२९-ब असून त्यात सहा महिन्यांची मर्यादा आहे. विभागीय चौकशी प्रलंबित असल्यास उपदान रोखले जाते. तो काळ सहसा प्रशासकीय विलंब मानला जात नाही.

विलंबाच्या प्रकरणांचा विचार विभागाने स्वतःहून करणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास निवृत्त कर्मचारी कार्यालयप्रमुखामार्फत लेखी निवेदन देतो आणि दाद न मिळाल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो.