भवभूतीच्या शतकाची कुळकथा

संस्कृत नाटकाच्या शालेय पुस्तकात भवभूतीच्या नावापुढे ‘आठवे शतक, पूर्वार्ध’ एवढे छापलेले असते, आणि वाचणाऱ्याचा समज असा होतो, की हा आकडा कवीनेच कोठेतरी लिहून ठेवला असावा. प्रत्यक्षात भवभूतीने आपल्याविषयी इतर संस्कृत कवींच्या मानाने पुष्कळच सांगितले आहे. विदर्भातील पद्मपूर हे गाव, नीलकंठ हा पिता, गोपालभट्ट हा पितामह, ज्ञाननिधी हा गुरू, असा सगळा तपशील त्याने प्रस्तावनांतून मोठ्या अभिमानाने नोंदविला. परंतु शक, संवत् अथवा राजाचे नाव यांपैकी एकही गोष्ट दिली नाही. परंपरेने ही उणीव आपल्या परीने भरून काढली. बल्लाळाच्या भोजप्रबंधाने कालिदास आणि भवभूती या दोघांनाही धारेच्या भोजाच्या, म्हणजे अकराव्या शतकातील राजाच्या, दरबारात आणून बसविले, आणि उत्तररामचरितातील एका श्लोकावरचा एकच अनुस्वार कालिदासाने कमी करविला, ही आख्यायिका तर आजही संस्कृतच्या वर्गात रंगवून सांगितली जाते. आख्यायिका सुंदर आहे. त्या अनुस्वाराच्या अभावी श्लोक खरोखरच अधिक सरस होतो. मात्र कालनिर्णयाच्या कामी तिचा उपयोग शून्य.

काळ ठरविण्याची खरी रीत म्हणजे कवीला दोन मर्यादांच्या मध्ये कोंडणे: ज्याच्या अगोदर तो असू शकत नाही ती वरची मर्यादा, आणि ज्याच्या नंतर तो असू शकत नाही ती खालची. वरच्या मर्यादेसाठी भवभूतीने कोणाचे वाचले होते हे पाहावे लागते. मालतीमाधवाच्या नवव्या अंकात विरहाने वेडावलेला माधव मेघाची विचारपूस करून त्याच्याकरवी प्रियेला निरोप धाडू पाहतो, आणि तेही मेघदूताच्याच मंदाक्रान्तेत. दोन कवींत साम्य दिसले म्हणजे उसने कोणी घेतले हा प्रश्न सदैव नाजूक असतो. पण येथे मेघाला दूत करणे हा एका ठिकाणी संपूर्ण काव्याचा कणा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी एका अंकातील क्षणभराचा उन्माद आहे, तेव्हा ऋणको कोण, याविषयी फारसा संशय उरत नाही. कालिदासाचे नाव इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात आढळते. म्हणजे त्या सुमारास त्याची कीर्ती पुलकेशीच्या राज्यापर्यंत पोचली होती. तथापि यावरून भवभूती त्याच्यानंतरचा एवढेच सिद्ध होते. किती नंतरचा, हे नाही.

पुष्कळ विद्वान येथे बाणभट्टाच्या मौनाचा आधार घेतात. हर्षचरिताच्या आरंभी बाणाने पूर्वकवींना वंदन केले आहे, त्यांत भवभूती नाही; म्हणून भवभूती बाणानंतरचा. निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, पण पुरावा लंगडा आहे. त्याच ऐहोळे लेखात रविकीर्तीने कालिदासाच्या जोडीला भारवीचेही नाव घेतले आहे, आणि तो भारवीही बाणाच्या वंदनात नाही. जो माणूस भारवीला वगळू शकतो त्याच्या मौनावर दुसऱ्या कोणाचे शतक ठरविणे हे साक्षीदार गैरहजर राहिला म्हणून निवाडा देण्यासारखे आहे.

खालच्या मर्यादेची स्थिती पुष्कळच समाधानकारक आहे. राजशेखर, इ. स. ९०० च्या आसपासचा, स्वतःला वाल्मीकी, भर्तृमेण्ठ आणि भवभूती यांचा पुढचा अवतार म्हणवतो. आत्मस्तुतीचा एवढा उपयोग क्वचितच झाला असेल! त्याच्याही आधी, काश्मीरच्या जयापीडाच्या पदरी असलेल्या वामनाने आपल्या अलंकारग्रंथात उत्तररामचरितातील श्लोक उदाहरणादाखल घेतला आहे. त्याने कवीचे नाव दिलेले नाही, आणि निनावी अवतरणात एक धोका असतो: श्लोक आधीपासून लोकांच्या तोंडी असलेला, आणि नाटककाराने तो उचललेला, असेही घडू शकते. परंतु तो श्लोक सीतेविषयी रामाच्याच तोंडी शोभणारा, नाटकातील प्रसंगाशी जखडलेला आहे. तेव्हा इ. स. ८०० च्या सुमारास उत्तररामचरित काश्मिरात पोचून मान्य झालेले होते, असे धरण्यास हरकत नाही.

आता उरलेले अंतर मिटविणारा पुरावा आला तो प्राकृतातून, आणि विशेष म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातून. कनोजच्या यशोवर्म्याचा कवी वाक्पतिराज याचे ‘गउडवहो’ हे काव्य शंकर पांडुरंग पंडितांनी १८८७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. त्यात वाक्पती म्हणतो, की भवभूतिरूपी समुद्रातून निघालेले काव्यामृताचे बिंदू आपल्या रचनांत अद्यापिही चमकतात. ज्याने हे वाक्य लिहिले तो भवभूतीहून धाकटा, बहुधा त्याच्या हाताखाली तयार झालेला असला पाहिजे. ‘अद्यापि’ या शब्दामुळे भवभूती तोवर निवर्तला होता की काय, अशी शंका मात्र राहते. दुसरीकडे कल्हणाची राजतरंगिणी सांगते, की ललितादित्याने जिंकलेल्या यशोवर्म्याच्या सेवेत वाक्पतिराज आणि भवभूती हे दोघेही होते. कल्हण बाराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे घटनेपासून चारशे वर्षे दूर. वाक्पती त्या दरबारातलाच. दोघांचे जेथे जुळते तेथे भर वाक्पतीवर द्यावा.

तरीही हे सारे सापेक्षच राहिले. यशोवर्मा कधीचा, हे ठरल्यावाचून शतकाचा आकडा मिळत नाही. कल्हणाच्या जमाखर्चाप्रमाणे वर्षे मोजीत गेल्यास ललितादित्य सातव्या शतकाच्या अगदी शेवटी गादीवर येतो. पण चीनच्या तांग दरबाराच्या दप्तरात त्याचा पूर्ववर्ती चन्द्रापीड याला इ. स. ७२० मध्ये राजपदाची मान्यता दिल्याची नोंद आहे, आणि कल्हणाच्या हिशेबाने तर हा राजा सातव्या शतकातच मेलेला आहे. राजांचा क्रम बरोबर, पण काळ सुमारे पंचवीस वर्षे अलीकडे ओढावा लागतो, असा त्याचा अर्थ. त्याच दप्तरात मध्य भारताच्या एका राजाचा वकील ७३१ साली आल्याचे लिहिले आहे, आणि त्या राजाचे चिनी उच्चारात मोडलेले नाव यशोवर्म्याशी जुळते. याकोबी या जर्मन पंडिताने गउडवहोतील एका श्लोकात १४ ऑगस्ट ७३३ चे सूर्यग्रहण ओळखले. मला ते अनुमान पोषक वाटते, निर्णायक नव्हे, कारण ग्रहणे वरचेवर होतात आणि त्यांतले नेमके हे निवडण्यासाठी काळ अगोदरच अजमासे ठाऊक असावा लागतो.

मालतीमाधवाच्या एका हस्तलिखिताच्या अंकसमाप्तीत कर्त्याला कुमारिलाचा शिष्य म्हटले आहे, आणि सहाव्या अंकाच्या शेवटी उंबेक हे नाव आहे; परंतु कवी स्वतः ज्ञाननिधीला गुरू म्हणतो, आणि कुमारिलाचा काळही अशाच अनुमानांनी ठरलेला असल्यामुळे एका अस्थिर खांबाला दुसरा टेकवण्यात अर्थ नाही.

राजाश्रयाची गोष्ट मात्र मनात घोळत राहते. भवभूतीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेसाठी लिहिलेली आहेत. कोणत्याही राजसभेचा उल्लेख नाही. मालतीमाधवात तर तो उपेक्षा करणाऱ्यांना सुनावतो, की काळ अमर्याद आहे, माझ्या जोडीचा कोणी कधीतरी जन्मेल. यशोवर्म्याच्या पदरी सन्मानाने बसलेला माणूस हे लिहीत नाही. म्हणून महावीरचरित आणि मालतीमाधव ही दरबारापूर्वीची, आठव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली, किंबहुना थोडी आधीचीही असावीत. उत्तररामचरिताच्या शेवटी मात्र तो स्वतःच्या परिणत प्रज्ञेचा निर्देश करतो; ते उतारवयातले दिसते. कालप्रियनाथ म्हणजे यमुनाकाठची काल्पी, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत आहे, आणि ते खरे असेल तर कवी यशोवर्म्याच्या मुलखात त्याच्या सभेत शिरण्यापूर्वीच पोचलेला होता.