चूक नेमकी कुठे? हॅमिंगचे तीन प्रश्न

आजच्या भागात एक छोटंसं गणित आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यांना मी सुरुवातीलाच कागद-पेन्सिल घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही वाचताय, म्हणजे तुमचं काम थोडं सोपं. तरी सात नाणी जवळ असतील तर टेबलावर मांडा. छापा म्हणजे १, काटा म्हणजे ०. मी हा भाग तयार करताना तसंच केलं, आणि खरं सांगायचं तर पुस्तकात चार वेळा वाचून जे डोक्यात बसलं नव्हतं ते नाणी उलटताना बसलं.

गोष्ट १९४७ सालची, अमेरिकेतली. रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ वर्षभरापूर्वी बेल लॅब्जमध्ये रुजू झाला होता. त्याआधी तो लॉस अलामॉसला, अणुबॉम्बच्या प्रकल्पात, आकडेमोडीच्या यंत्रांवर काम करत होता. बेलमध्ये त्याच्या वाट्याला आलेलं यंत्र होतं मॉडेल ५. हे रिलेंवर चालायचं. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप करणारी खटकी. अशा जवळजवळ नऊ हजार खटक्या त्यात होत्या, आणि त्यातली एखादी रोजच दगा द्यायची. हॅमिंगनेच पुढे लिहून ठेवलंय की दिवसाला सरासरी दोन-तीन रिले चुकायचे. एका चुकीमागे वीस-तीस लाख उघडझापा व्हायच्या. म्हणजे रिले वाईट नव्हते. काम अफाट होतं.

यंत्र बनवणाऱ्यांनाही याची कल्पना होती, म्हणून त्यांनी ताळा पाहण्याची सोय केली होती. बेलच्या रिले यंत्रांमधली एक पद्धत अशी: प्रत्येक अंकासाठी पाच रिले, आणि त्यातले नेमके दोनच चालू असले पाहिजेत. पाचातून दोन निवडायचे दहा प्रकार होतात, म्हणजे शून्य ते नऊ हे दहा अंक बरोबर बसतात. एक रिले चुकला की चालू रिले एक तरी होतात नाहीतर तीन. यंत्राला लगेच कळतं, की काहीतरी बिघडलंय.

कळल्यावर यंत्र काय करायचं? दिवसा माणूस हजर असे, तो बघून दुरुस्त करी. पण हॅमिंगला यंत्र मिळायचं शनिवार-रविवारी, आणि तेव्हा तिथे कोणी नसे. चूक सापडली की यंत्र ते गणित सोडून द्यायचं आणि रांगेतलं पुढचं घ्यायचं. हॅमिंग सोमवारी यायचा तो उत्तरं घ्यायला, आणि बघतो तर त्याचं काम मध्येच टाकून दिलेलं. हे लागोपाठ दोन आठवडे झालं. त्याने पुढे मुलाखतीत सांगितलंय की तो भयंकर चिडला. लोक उत्तरांची वाट बघत होते. त्या चिडचिडीतून त्याला जो प्रश्न पडला तो असा: चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? जागा कळली तर दुरुस्ती सोपी आहे. बिट ० असेल तर १ करायचा, १ असेल तर ०. दुसरा पर्यायच नाही.

आता ताळ्याचं बघू. समजा चार बिटांचा निरोप आहे. त्याला एक जादा बिट जोडला, असा की एकूण १ ची संख्या सम व्हावी. वाटेत एक बिट उलटला की संख्या विषम होते आणि चूक उघडी पडते. पण कोणता बिट, ते कळत नाही. एका ताळ्याचं उत्तर फक्त ‘ठीक’ किंवा ‘बिघडलंय’ इतकंच असतं.

हॅमिंगने आधी एक सरळ युक्ती केली. बिट चौकोनात मांडायचे, प्रत्येक आडव्या ओळीला एक ताळा आणि प्रत्येक उभ्या ओळीला एक. चुकलेली आडवी आणि चुकलेली उभी ओळ जिथे भेटतील तिथे चोर. युक्ती चालते, पण महाग आहे. ६४ बिटांचा ८ बाय ८ चौकोन केला तर १६ ताळे लागतात. याहून कमीत भागेल का?

इथे त्याने प्रश्न उलटा केला. ताळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी लिहिली की ती स्वतःच एक द्विमान संख्या होते. ती संख्या म्हणजेच चुकीच्या जागेचा क्रमांक असावा, अशी ताळ्यांची रचना करता येईल का? तीन ताळे असतील तर आठ वेगवेगळी उत्तरं मिळतात. त्यातलं एक ‘सगळं ठीक’साठी ठेवलं तर सात उरतात. म्हणजे सात जागांपर्यंत काम भागलं. त्या सातांत तीन ताळ्यांचे बिट स्वतः बसतात, कारण तेही उलटू शकतात. उरले चार, ते निरोपाचे. एकही उत्तर वाया गेलं नाही.

आता नाणी घ्या. जागांना १ ते ७ क्रमांक द्या. प्रत्येक क्रमांक ४, २ आणि १ यांच्या बेरजेत फोडा. ६ म्हणजे ४ आणि २. ५ म्हणजे ४ आणि १. ७ म्हणजे तिन्ही. ज्या ज्या क्रमांकात १ येतो ते पहिल्या गटात: १, ३, ५, ७. ज्यात २ येतो ते दुसऱ्या गटात: २, ३, ६, ७. ज्यात ४ येतो ते तिसऱ्या गटात: ४, ५, ६, ७. जागा १, २ आणि ४ प्रत्येकी एकाच गटात आहेत, म्हणून तिथे ताळ्याचे बिट बसवायचे. म्हणजे एक ताळा ठरवताना दुसरा बिघडत नाही. निरोप जातो ३, ५, ६, ७ या जागांवर.

आपला निरोप घेऊ १०११. जागा ३ वर १, जागा ५ वर ०, जागा ६ वर १, जागा ७ वर १. पहिल्या गटात ३, ५, ७ वर आहेत १, ०, १. दोन एक, सम आहेत, म्हणून जागा १ वर ०. दुसऱ्या गटात ३, ६, ७ वर तिन्ही १. विषम झाले, म्हणून जागा २ वर १ ठेवून सम करू. तिसऱ्या गटात ५, ६, ७ वर ०, १, १. सम आहेत, जागा ४ वर ०.

```
जागा   : १ २ ३ ४ ५ ६ ७
पाठवले : ० १ १ ० ० १ १
मिळाले : ० १ १ ० ० ० १
```

वाटेत मी जागा ६ चं नाणं उलटलं. समोरच्या माणसाला हे माहीत नाही, त्याच्या हातात फक्त खालची ओळ आहे. तो तीन प्रश्न विचारतो. पहिला गट, जागा १, ३, ५, ७: ०, १, ०, १. सम, ठीक. दुसरा गट, जागा २, ३, ६, ७: १, १, ०, १. तीन एक, विषम, बिघडलंय. तिसरा गट, जागा ४, ५, ६, ७: ०, ०, ०, १. विषम, बिघडलंय. बिघडलेल्या गटांचे आकडे ४ आणि २. बेरीज ६. सहावं नाणं उलटा, निरोप परत मिळाला.

यात जादू नाही. जागा ६ ही ४ च्या आणि २ च्या गटात होती, १ च्या गटात नव्हती. म्हणून नेमके तेच दोन ताळे बिघडले. प्रत्येक जागा आपला क्रमांक या गटांच्या रूपाने सोबत घेऊनच फिरते. ताळ्याचाच बिट उलटला, समजा जागा २, तर एकटा दुसरा गट विषम येतो आणि बेरीज २. तोही स्वतःचाच पत्ता सांगतो.

आता याची मर्यादा, आणि ही नीट समजून घ्या. दोन नाणी उलटली तर? जागा ६ सोबत जागा ३ सुद्धा उलटा. ओळ होते ०१००००१. पहिला गट ०, ०, ०, १: विषम. दुसरा १, ०, ०, १: सम. तिसरा ०, ०, ०, १: विषम. बेरीज ४ आणि १, म्हणजे ५. यंत्र बिनधास्त पाचवा बिट उलटतं, जो मुळात बरोबर होता! हाती येतो ०१०१. मूळ होता १०११. चारातले तीन बिट चुकले, आणि यंत्र म्हणतंय दुरुस्ती झाली. नुसता ताळा बिघडून थांबणाऱ्या यंत्रापेक्षा हे वाईट.

यावर हॅमिंगचाच उतारा आहे: आठवा बिट, सगळ्या ओळीचा मिळून एक ताळा. आपल्या मूळ ओळीत चार एक आहेत, म्हणून आठवा ०. एक बिट उलटला तर हा ताळा बिघडतो, तेव्हा खुशाल दुरुस्त करा. पण तीन गटांपैकी एक तरी म्हणतो बिघडलंय आणि एकूण ताळा म्हणतो ठीक, तर समजायचं की दोन चुका आहेत. हात लावू नका, थांबा. सर्व्हरच्या अनेक मेमरींमध्ये ६४ बिटांमागे आठ जादा बिट असतात, त्यामागचा हिशोब हाच: सात जागा शोधायला आणि आठवा दुहेरी चूक ओळखायला. चौकोनाला १६ लागत होते, ते आठवतंय ना?

शेवटी थोडं श्रेयाबद्दल. क्लॉड शॅनन हा बेलमध्येच होता, काही काळ दोघं एकाच खोलीत बसत. शॅननच्या १९४८ च्या प्रसिद्ध लेखात आपण आत्ता केला तोच सात बिटांचा नमुना हॅमिंगच्या नावाने दिलेला आहे. पण हॅमिंगचा स्वतःचा लेख पेटंटच्या कामात अडकला आणि आला एप्रिल १९५० मध्ये, बेलच्याच नियतकालिकात. मधल्या काळात शॅननचा तो नमुना वाचून मार्सेल गोले याने ही कल्पना पुढे नेली आणि १९४९ मध्ये एक छोटं टिपण छापलं. त्यात तीन चुका दुरुस्त करणारा २३ बिटांचा संकेतही होता. आधी कोण, यावर नंतर वाद झाले. छापील तारखा बघितल्या तर गोले पुढे. पण सात बिटांचा नमुना हॅमिंगचा, हे शॅननने आधीच छापून ठेवलं होतं.

नाणी उचलू नका अजून. घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे एक नाणं उलटायला सांगा, आणि तीन प्रश्न विचारून ओळखून दाखवा. फक्त एकच उलटायचं, हे आधी बजावा. दोन उलटली तर काय होतं ते तुम्हाला आता ठाऊक आहे. भेटू पुढच्या भागात.