विद्यार्थी प्रकल्पाचे संकेतस्थळ : मोफत सबडोमेन की स्वतःचे डोमेन?

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचा विज्ञान प्रकल्प आता फलकावर संपत नाही. त्याचे संकेतस्थळ तयार होते, फलकावर त्याचा क्यूआर कोड छापला जातो आणि पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जातही तोच दुवा दिला जातो. संकेतस्थळ उभारताना पहिला प्रश्न पत्त्याचा येतो. गिटहब पेजेससारख्या सेवेचे मोफत सबडोमेन घ्यावे, की वर्षाला सुमारे दहा ते पंधरा डॉलर भरून स्वतःचे `.com` किंवा `.org` घ्यावे? बहुतेक घरांत याचा निर्णय पत्ता किती रुबाबदार दिसतो यावरून होतो. वास्तविक तो वेगळ्या प्रश्नावरून व्हायला हवा : हा पत्ता किती काळ चालू राहायला हवा आणि तेवढा काळ तो कोण सांभाळणार?

मालकी कोणाची?

`username.github.io` हा पत्ता गिटहबच्या मालकीच्या डोमेनचा एक भाग आहे. खाते सुरू आहे आणि सेवा चालू आहे तोवर तो पत्ता राहतो. त्याचे नूतनीकरण करावे लागत नाही. विद्यार्थी प्रकल्पासाठी त्याच्या मर्यादाही पुरेशा सैल आहेत : संकेतस्थळाचा आकार एक गिगाबाइटपर्यंत आणि महिन्याची वाहतूक सुमारे शंभर गिगाबाइटपर्यंत. मोफत खात्यात मात्र प्रकल्पाची रिपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते. शिवाय खात्याचे नाव बदलले, तर संकेतस्थळाचा जुना पत्ता नव्याकडे वळवला जात नाही. म्हणून गंमत म्हणून घेतलेले टोपणनाव आधीच बदलून घ्यावे. प्रकल्प तिघा-चौघांचा असेल, तर एका मुलाच्या खात्याऐवजी गिटहबवर मोफत ‘ऑर्गनायझेशन’ काढून तिच्या नावाने पत्ता घ्यावा.

स्वतःचे डोमेनही खऱ्या अर्थाने विकत मिळत नाही. ते किमान एक आणि कमाल दहा वर्षांसाठी नोंदवले जाते. त्याचा खरा लाभ स्थलांतराचा आहे. उद्या संकेतस्थळ दुसऱ्या सेवेवर हलवले, तरी पत्ता तोच राहतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे दर वर्षी न चुकता करावयाचे नूतनीकरण.

एक उदाहरण : तारखांचा हिशेब

न्यू जर्सीतील अकरावीची एक विद्यार्थिनी कल्पनेत घेऊ. तिने शाळेच्या आवारातील हवेच्या प्रदूषणाची मोजमापे गोळा केली आणि १० ऑक्टोबरला एका वर्षासाठी `.org` डोमेन घेतले. मार्चमध्ये प्रदर्शन झाले, फलकावर क्यूआर कोड होता, सारे सुरळीत पार पडले. पुढच्या वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे ती बारावीत प्रवेशअर्ज भरत असताना, नोंदणीची मुदत संपते. वडिलांचे क्रेडिट कार्ड दरम्यान बदलले आहे, त्यामुळे आपोआप होणारे नूतनीकरण फसते. नोंदणी कंपनीला मुदतीच्या सुमारे महिनाभर आणि आठवडाभर आधी, तसेच मुदत संपल्यावर पाच दिवसांत सूचना पाठवावी लागते. पण त्या सूचना तिच्या शाळेच्या ईमेलवर जातात आणि शाळेने बाहेरची पत्रे अडवून ठेवलेली असतात.

त्यानंतर नेहमीच्या दराने नूतनीकरण करण्याची सवलत कंपनीनुसार कमी-अधिक, जास्तीत जास्त ४५ दिवस मिळते. त्यापुढे तीस दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ असतो. त्यात डोमेन परत मिळते, पण मूळ शुल्काच्या कित्येक पट दंड भरून. शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव सर्वांसाठी खुले होते. सर्व टप्पे पूर्ण लांबीचे धरले, तरी ऐंशी दिवस होतात. १० ऑक्टोबरपासून ऐंशी दिवस म्हणजे २९ डिसेंबर. अनेक महाविद्यालयांची अर्जाची अंतिम तारीख १ जानेवारी असते. परीक्षक दुवा उघडतील तेव्हा तिथे कोरे पान असेल. नाव दुसऱ्या कोणी घेतले असेल, तर जुगाराची जाहिरातही असू शकेल. मोफत सबडोमेनला ही तारीखच नसते.

दोन्ही हवे असतील तर

गिटहब पेजेसवर एक सोय आहे, जिच्यामुळे हा पेच बराच सुटतो. स्वतःचे डोमेन जोडल्यावर जुना `github.io` पत्ता बंद पडत नाही. तो वाचकाला आपोआप नव्या डोमेनकडे नेतो. पुढे डोमेन सोडायचे ठरले, तर सेटिंग्जमधील ‘कस्टम डोमेन’ काढून टाकताच जुना पत्ता पूर्ववत संकेतस्थळ दाखवू लागतो. म्हणून क्यूआर कोड, छापील अहवाल, प्रवेशअर्ज अशा मागाहून बदलता न येणाऱ्या ठिकाणी मोफत पत्ता द्यावा आणि तोंडी सांगायला, भाषणात दाखवायला स्वतःचे डोमेन वापरावे. मुदत संपूनही ‘कस्टम डोमेन’ काढले नाही, तर मात्र मोफत पत्ताही वाचकाला त्या मेलेल्या डोमेनकडेच नेत राहील.

जोडणीसाठी नोंदणी कंपनीच्या डीएनएस पानावर एक नोंद पुरते :

```
www   CNAME   username.github.io.
```

त्यानंतर गिटहबच्या सेटिंग्जमध्ये `www` सह पूर्ण डोमेन लिहावे. बदल पसरायला काही वेळा चोवीस तास लागतात. प्रमाणपत्र मिळाले की ‘Enforce HTTPS’ हा पर्याय सुरू करावा. जोडणीनंतर मजकूर दिसतो पण रंग, मांडणी आणि चित्रे गायब होतात, असे झाले तर डीएनएसला दोष देऊ नये. प्रकल्प आधी `username.github.io/hava/` असा होता आणि पानांत `/hava/style.css` असा मार्ग लिहिलेला होता. नव्या पत्त्यात `/hava/` नाहीच. `style.css` असा सापेक्ष मार्ग लिहिला की मुखपृष्ठ दोन्हीकडे नीट दिसते.

प्रकल्प बंद करताना क्रम उलटा ठेवावा : आधी डीएनएसची नोंद काढावी, मग रिपॉझिटरी. नोंद तशीच राहिली, तर गिटहबवरील दुसरी व्यक्ती ते डोमेन आपल्या पानाला जोडू शकते. गिटहबने दिलेली टीएक्सटी नोंद लावून डोमेनची पडताळणी करून ठेवणे हा यावरचा उपाय आहे.

घेताना काय पाहावे?

पहिल्या वर्षाचा दर पाहू नये, नूतनीकरणाचा पाहावा. काही नव्या प्रत्ययांची डोमेने पहिल्या वर्षी एक-दोन डॉलरला मिळतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांचा दर अनेक पटींनी वाढतो. ‘मोफत डोमेन’ या शब्दांपासूनही सावध राहावे. फ्रीनॉम ही कंपनी `.tk`, `.ml` यांसारखी डोमेने मोफत देत असे. मेटाने खटला भरल्यानंतर २०२३ मध्ये तिने नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये हा व्यवसायच सोडत असल्याचे जाहीर केले.

नोंदणी पालकांच्या नावाने आणि पालकांच्या ईमेलवर करावी. नोंदणीनंतर येणाऱ्या पत्रातील दुव्यावरून पंधरा दिवसांत ईमेलची पडताळणी केली नाही, तर डोमेन स्थगित होऊ शकते. घरचा पत्ता सार्वजनिक होऊ नये म्हणून गोपनीयता सेवा सुरू आहे ना, हेही तपासावे. गिटहबचे खातेही केवळ शाळेच्या ईमेलवर अवलंबून नसावे, कारण पदवीनंतर तो ईमेल बंद होतो.

एका सत्राच्या प्रकल्पाला मोफत सबडोमेन पुरेसे आहे. प्रकल्प शाळेनंतरही चालणार असेल किंवा त्याच्या नावाने ईमेल हवा असेल, तर डोमेन घ्यावे. पण ते प्रवेशप्रक्रिया संपेपर्यंत, म्हणजे एकदम दोन किंवा तीन वर्षांसाठी घ्यावे आणि मुदतीची तारीख घरातील दोघांच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.