दरवाजा समोर दिसतच नाही

17व्या शतकातली एक पहाट. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूरच्या शिवारातून तुम्ही पन्नासेक जणांच्या टोळीत चालला आहात. समोर राजहंसगडाचा डोंगर काळा दिसतोय. ही कुठल्या लढाईची पहाट, ते बखरीत शोधू नका. टोळी मी रचलेली आहे, चढ आणि दरवाजा मात्र खरे आहेत.

तुमच्याकडे ढाल, तलवार आणि खांद्यावर एक लांब शिडी आहे. शिडीचं दुसरं टोक धरलेला म्हातारा नाईक अशा कामावर पूर्वी जाऊन आलेला आहे. रान सपाट आहे तोवर टोळी मोठी वाटते. पन्नास माणसं पसरून चालतात, मागे आणखी दोनशे आहेत. गडावर फार तर चाळीस माणसं असतील, असं कुणीतरी सांगितलंय. म्हणजे हिशेब तुमच्या बाजूचा आहे.

चढ लागला की हिशेब फिरतो. उतारावर मुरूम घसरतो, म्हणून सगळे आपोआप मळलेल्या वाटेवर येतात. वाटेवर दोनच माणसं शेजारी मावतात, आणि शिडी असली तर एकच. अर्ध्या तासात तुमची टोळी लांबलचक रांग झालेली असते. वरून पाहणाऱ्याला आता अडीचशे माणसांशी लढायचं नसतं. त्याला रांगेतल्या पहिल्या दोघांशी लढायचं असतं, मग पुढच्या दोघांशी.

डोंगर निवडण्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच. उंचीवरून लांबचं दिसतं हे खरंच, गोव्याकडून घाट चढून येणारी वर्दळही नजरेत राहते. पण नुसतं पाहायचं असेल तर एक मेट पुरे. गड बांधायचा तो शत्रूची संख्या निरुपयोगी व्हावी म्हणून. सह्याद्रीचा दगड यात फुकटात मदत करतो. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. त्यातला मऊ थर झिजून उतार होतो, कठीण थर उभा राहून कडा होतो. जिथे कडा आहे तिथे तटाची गरज थोडी, जिथे तो तुटला आहे किंवा नाळ उतरते तिथे भिंत घालायची. गडाच्या बांधणीचा मोठा खर्च निसर्गानेच उचललेला असतो, आणि रात्री राखायच्या जागा मोजक्याच राहतात.

वर पोहोचता पोहोचता उजाडतं. तुम्ही मान वर करता आणि गोंधळता. समोर दोन गोल बुरुज, त्यांच्यामध्ये तट. दरवाजा कुठे आहे?

"वर बघू नको पोरा," नाईक म्हणतो. "वाटेनं चल. वाट नेईल तिकडं दरवाजा. नाहीतर वाट कशाला असती?"

वाट बुरुजाला चिकटून त्याच्या मागे वळते. गोमुखी म्हणतात ती ही बांधणी. दरवाजा बुरुजांच्या कुशीत असा घेतलेला, की खालून तो दिसत नाही. दिसत नाही म्हणजे खालच्या तोफेचा गोळा त्याच्यावर सरळ येत नाही. वाटेत येतो तो बुरुज, आणि बुरुज गोल असल्याने गोळ्याचा बराचसा जोर तिरका निसटतो.

वळणावर शिडी अडकते. ती उभी करावी तर खाली पाय ठेवायला जागा नाही, आडवी फिरवावी तर दोन्हीकडे दगड. मागचे थांबतात, त्यांच्या मागचे त्यांना रेटतात. त्याच वेळी वरून पहिला धोंडा येतो. चर्यांमागच्या माणसाला बंदुकीचीही गरज नाही. बंदूक भरायला वेळ लागतो, दगड ढकलायला लागत नाही. तटातल्या जंग्या बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या आहेत, त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी लपलेल्यालाही आतून नेम धरता येतो. आणि तुम्ही ज्या बुरुजाचा आडोसा समजलात, त्याच्या समोरच्या बुरुजावरून तुमची पाठ उघडी दिसते.

तरी समजा, तुम्ही दरवाज्यापर्यंत पोहोचलात. जाड लाकडी फळ्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या आणि खिळे. आतून अडसर, तो भिंतीतल्या खोबणीत सरकवलेला. जुन्या दरवाज्यांच्या बाजूला अशी चौकोनी भोकं आजही सापडतात. ओंडक्याने धडक द्यायची तर दहा-बारा पावलं धावायला सरळ जागा लागते. हत्तीलाही लागते. ती जागा बांधणाऱ्याने वळण देऊन काढून घेतली आहे. कुऱ्हाडीने फोडायचं, तर एका वेळी दोघेच घाव घालणार आणि डोक्यावर तट. फोडलाच, तर आत देवड्यांतले पहारेकरी, मग पुन्हा काटकोनात वळण आणि दुसरा दरवाजा. दोन दरवाज्यांमधला तो चौक वरून उघडा असतो, चारी बाजूंनी भिंती. तिथे शिरलेल्यांना मागे फिरायलाही जमत नाही, कारण मागून आपलीच माणसं येत असतात.

ही अक्कल त्या काळी लिहूनही ठेवलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दरवाजे खालचा मारा चुकवून बांधावेत, पुढे बुरूज द्यावा, जाण्यायेण्याची वाट बुरुजाच्या माऱ्यात राहावी, असं सांगितलंय. गडाला एकच दरवाजा असणं हा त्यांच्या मते मोठा दोष, चोरदिंड्याही हव्यात. मला त्यातलं पाण्याचं कलम सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. गडावर एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, टाकी खोदावीत. दरवाजा कितीही वाकडा असो, टाकं आटलं की तो आतूनच उघडतो.

गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, हेही पंत बजावतात. डोंगर गडाला जोडलेला असला की धोका कुठून येतो, ते निपाणीच्या दक्षिणेला, गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर समजतं. जांभ्याचे उभे तासलेले कडे, त्यांच्यावर तट, आणि डोंगराची सोंड जिथे गडाला भिडते तिथे सोंड्या बुरूज. कड्यावरून कुणी येत नाही, सोंडेवरून येतो. म्हणून जाडजूड बांधकाम तिथे.

आता थोडी उडी मारा आणि 1844 सालच्या पावसाळ्यात या. कोल्हापूर संस्थानाचा कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांकडे आहे. त्यांनी गडकऱ्यांचे जुने हक्क काढून घेतले, तेव्हा सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. बेळगावच्या छावणीतून पलटण आली. या वेळी तुम्ही तटाच्या आत उभे आहात आणि खाली तंबू मोजत आहात. अनेक दिवस काहीच होत नाही. वाट तीच, चढ तोच, आणि गोरा साहेबही रांगेनेच चढणार. मग बेळगावहून जड तोफा ओढून आणल्या जातात. त्या दरवाज्याच्या वाटेला जातच नाहीत, लांबूनच तटाची एक जागा धरून मारा करतात. जांभ्याची भिंत कितीही जाड असली, तरी एकाच ठिकाणी गोळे बसत राहिले की ढासळते. भगदाड पडल्यावर 13 ऑक्टोबर 1844 रोजी गड हल्ला करून घेतला गेला. वळणाने जे काम करायचं, ते फक्त वाटेने येणाऱ्यासाठी होतं.

त्यानंतर इंग्रजांनी इथलं बांधकाम पाडलं. त्यामुळे सामानगडावर आज गाडी थेट आत जाते आणि दरवाजा शोधूनही सापडत नाही. तो पाहायचा तर राजहंसगडच गाठावा लागतो. तिथे गाडीरस्ता झालाय, पण गाडी लावल्यावर शेवटचं वळण मात्र पायीच घ्या, आणि हातात लांब काठी असेल तर ती कुठे अडते ते पाहा.