न्यू वेव्ह आणि पोस्ट-पंक

पंक रॉकनंतर १९७८ ते १९८४ या काळात प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिकेत बहरलेले दोन संगीतप्रवाह. पंकचा संताप दोघांनीही उचलला, पण तो व्यक्त करण्याचे काम मुख्यतः गिटारकडून काढून बेस आणि ड्रम्सकडे दिले. या प्रवाहांतले प्रयोग आणि त्यांचा नाचता येणारा ठेका, दोन्ही या एका बदलातून आले.

पार्श्वभूमी : १९७६-७७ मधील पंकचे गाणे दोन-तीन मिनिटांचे, द्रुत लयीचे आणि तीन-चार कॉर्ड्सचे असे. गिटारचा करकरीत आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारी जागा व्यापून टाकी आणि बेस बहुधा त्याच्याच मागे धावे. कुणालाही बँड काढता यावा म्हणून हा साचा सोपा ठेवलेला होता, पण वर्षभरात शेकडो बँड तोच वाजवू लागले आणि बंडाचीच चाकोरी झाली. यातून सुटण्याची वाट लंडनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये तयार होती. ‘रॉक्सी’ या पंक क्लबात १९७७ च्या सुरुवातीला डीजे डॉन लेट्स रेगेच्या तबकड्या लावत असे, कारण पंकच्या तबकड्या तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या. रेगेच्या एका प्रचलित ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली रिकामी राहते आणि ड्रमचा मुख्य आघात तिसरीवर पडतो. समेवर वजन अपेक्षिणाऱ्या श्रोत्याला समच मोकळी सापडावी, तसा हा अनुभव असतो. त्या रिकाम्या जागेत बेस चालीसारखा ऐकू येतो. रेगेचाच ‘डब’ हा प्रकार याच्याही पुढे जातो. त्यात ध्वनिमुद्रण झाल्यावर मिक्सिंगच्या वेळी आवाज काढून टाकले जातात आणि उरलेल्यांवर प्रतिध्वनी चढवला जातो. गोंगाट न वाढवताही अस्वस्थता वाढवता येते, हे पंक वादक यातून शिकले.

‘डेथ डिस्को’ : सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडन जानेवारी १९७८ मध्ये त्या बँडमधून बाहेर पडला. त्यानंतर तो जमैकात जाऊन आला आणि त्याच वर्षी त्याने ‘पब्लिक इमेज लिमिटेड’ हा पोस्ट-पंक बँड काढला. १९७९ मधील ‘डेथ डिस्को’ हे त्यांचे गाणे कर्करोगाने मरणाऱ्या आईविषयी आहे. ड्रम्सचा ठेका डिस्कोचा, जाह वॉबलचा बेस डबच्या वळणाचा, आणि कीथ लेव्हीनची गिटार चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’मधील धून वेडीवाकडी करत नेते. वर लायडनचा आक्रोश आहे. पंकच्या वेगात हा शोक काही क्षणांत उधळून गेला असता. इथे ठेका थांबत नाही, म्हणून शोकालाही थांबता येत नाही. हे गाणे ब्रिटिश विक्री-यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याचे दुसरे रूप ज्यात आहे तो ‘मेटल बॉक्स’ हा अल्बम त्याच वर्षी पत्र्याच्या गोल डब्यात, बारा इंची तीन तबकड्यांवर निघाला. खर्जाचा आवाज तबकडीवर रुंद खाच मागतो. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे बसवायची तर तो कमी करावा लागतो. मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या या तबकड्यांवर बाजूला सुमारे दहाच मिनिटे होती, त्यामुळे बेसला पूर्ण वजन देता आले.

न्यू वेव्ह आणि मुंबई : न्यू वेव्हने हीच सामग्री घेतली, पण कडवे-ध्रुवपदाची बांधणी आणि लक्षात राहणारी चाल सांभाळली. ‘द पोलीस’ या बँडच्या ‘सो लोनली’ (१९७८) मध्ये कडवी संथ रेगेची आहेत आणि ध्रुवपद पंकच्या वेगाचे. दोन्ही शैलींमधला सांधा इथे स्पष्ट ऐकू येतो. हा बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला. तो कार्यक्रम ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या महिलांच्या सेवाभावी संस्थेने घडवून आणला होता.

मर्यादा : ठेका गोड झाला की संताप विरतो, हा धोका दोन्ही प्रवाहांना होता, आणि न्यू वेव्हच्या व्यापारी टोकाला तो खराही ठरला. पण ते अटळ नव्हते. लीड्सच्या ‘गँग ऑफ फोर’ने फंकच्या तुटक ठेक्यावर ग्राहकसंस्कृतीवर टीका करणारी गाणी रचली. १९७९ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ने त्यांच्या गाण्यातला निरोधसाठीचा शब्द बदलायला सांगितला, तेव्हा त्यांनी कार्यक्रमच सोडला. दोन्ही प्रवाहांमधली सीमा मात्र पक्की नाही. ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा गायक इयन कर्टिस १९८० मध्ये वारल्यावर उरलेल्यांनी ‘न्यू ऑर्डर’ काढला आणि ड्रम मशीन व सिंथेसायझरवर रचलेले ‘ब्लू मंडे’ १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. उदास, थंड गायन आणि क्लबातला ठेका एकत्र असलेले हे गाणे दोन्ही नावांखाली नोंदवले जाते.