रत्नागिरी कोणत्या विभागात? १९०१ च्या जनगणनेचा तक्ता पिव्हटसाठी तयार करताना

मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या जनगणनेत नॉर्दर्न, सेंट्रल आणि सदर्न अशा तीन विभागांखाली अठरा जिल्हे येतात, प्रत्येकी सहा. (मुंबई शहर, सिंध आणि एडन यांचा हिशेब वेगळा, ते इथे बाजूला ठेवू.) अशा तक्त्याचं स्कॅन केलेलं पान तुम्ही शीटमध्ये आणलंत आणि लोकसंख्येच्या रकान्याची सरळ बेरीज मारलीत, तर उत्तर ४,३५,८६,०१३ येतं. खरी बेरीज १,४५,२८,६७१ आहे, म्हणजे नेमकी एक तृतीयांश. कारण उघड आहे: त्याच माणसांना आपण तीनदा मोजलं. एकदा जिल्ह्याच्या ओळीत, एकदा विभागाच्या ओळीत आणि एकदा सगळ्यात वरच्या एकूण ओळीत.

मग बेरजेच्या ओळी काढून टाकल्या की झालं, असं वाटतं. पण इथेच घाई नको. या धाटणीच्या तक्त्यात विभागाची बेरीज बहुधा जिल्ह्यांच्या खाली नसते, वर असते. आधी ‘सेंट्रल डिव्हिजन’ आणि त्याचा आकडा, मग थोडं आत सरकवून अहमदनगर, खानदेश, नाशिक, पुणे, सातारा, सोलापूर. म्हणजे बेरजेची ओळ हीच गटाच्या नावाची ओळ. ती आधी उडवलीत तर नाशिक कोणत्या विभागातलं, हे सांगणारी शीटमधली एकमेव जागाच गेली. म्हणून क्रम ठरलेला: आधी नाव खाली भरायचं, मग बेरजेची ओळ काढायची.

दुसरी अडचण स्कॅनमुळे येते. छापील पानावर विभाग आणि जिल्हा यांतला फरक ठळक टायपाने आणि आत सरकवण्याने दाखवलेला असतो. ओसीआर करताना हे दोन्ही हरवतं आणि सगळी नावं एकाच रकान्यात एका रेषेत उभी राहतात. त्यामुळे ‘प्रकार’ नावाचा एक रकाना हाताने भरणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. पानाची प्रतिमा शेजारी उघडी ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘विभाग’, ‘जिल्हा’ किंवा ‘एकूण’ लिहा. बावीस ओळींना पाच मिनिटं लागतात. आता A रकान्यात विभाग, B मध्ये नाव, C मध्ये प्रकार, D मध्ये लोकसंख्या अशी मांडणी धरली, तर A2 मध्ये एवढंच लिहून खालपर्यंत ओढायचं:

```
=IF(C2="विभाग",B2,A1)
```

ओळ विभागाची असेल तर तिचं नाव घे, नाहीतर वरच्या ओळीचं नाव पुढे चालव. पहिल्या ‘एकूण’ ओळीपुढे रकान्याचं शीर्षकच येईल, पण ती ओळ जाणारच आहे. पानाच्या वळणावर ‘सेंट्रल डिव्हिजन (पुढे चालू)’ अशी ओळ पुन्हा आली तर तिला ‘विभाग’ म्हणू नका, ‘पुढे’ म्हणा. नाहीतर पिव्हटमध्ये सेंट्रलचे दोन तुकडे दिसतील.

यानंतर A रकाना कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून पुन्हा त्याच जागी चिकटवा. सूत्रं तशीच ठेवून ओळी काढल्या तर खालच्या ओळीचा आधारच जातो आणि `#REF!` दिसू लागतं. क्रमवारी बदलली तर त्याहून वाईट, कारण तेव्हा चूक दिसतही नाही, नुसती नावं चुकीच्या जिल्ह्यांना चिकटतात.

आता ओळी काढा, पण फेकू नका. ‘जिल्हा’ प्रकारच्या अठरा ओळी एका नव्या शीटवर न्या, ही पिव्हटची शीट. ‘विभाग’ आणि ‘एकूण’ ओळी ‘ताळा’ नावाच्या दुसऱ्या शीटवर ठेवा. छापणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलेली बेरीज हाच आपल्याकडचा सगळ्यात चांगला परीक्षक आहे, त्याला घरी कशाला पाठवायचं?

सेंट्रल विभाग करून बघू. अहमदनगर ८,३७,६९५, खानदेश १४,२७,३८२, नाशिक ८,१६,५०४, पुणे ९,९५,३३०, सातारा ११,४६,५५९, सोलापूर ७,२०,९७७. बेरीज ५९,४४,४४७, आणि विभागाचा आकडाही हाच. जुळलं. जुळलं नसतं तर फरकाकडे बघायचं. फरक ५० किंवा ३,००० असा एकच अंक आणि पुढे शून्यं असा असेल, तर बहुधा एखादा अंक चुकीचा वाचला गेलाय. झिजलेल्या टायपात ३ आणि ८ हमखास गोंधळतात. फरकाला ९ ने भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याचा संशय घ्या: रत्नागिरीचे ११,६७,९२७ टंकताना ११,६७,९७२ झाले तर फरक ४५ येतो. आणि ठाण्यात आठशे अकराच माणसं दिसली, तर 811,433 मधला स्वल्पविराम ओसीआरने दशांशचिन्ह म्हणून वाचलाय.

आकडे बरोबर पण नाव चुकलं, ही चूक जास्त लबाड असते. समजा ‘सदर्न डिव्हिजन’च्या ओळीपुढे चुकून ‘जिल्हा’ लिहिलं गेलं. मग बेळगाव, विजापूर, धारवाड, कानडा, कुलाबा, रत्नागिरी हे सहाही जिल्हे मुकाट सेंट्रलमध्ये जातात आणि सदर्नची बेरीजही एक ‘जिल्हा’ म्हणून तिथेच बसते. सेंट्रलची लोकसंख्या १,६०,८५,८३१ होते. हे निदान डोळ्यांत भरतं. पण फक्त ठाणं नॉर्दर्नमधून सेंट्रलमध्ये सरकलं तर एकूण बेरीज तशीच राहते, ताळा फक्त विभागाच्या पातळीवर फसतो. म्हणून पिव्हटमध्ये बेरजेच्या शेजारी जिल्ह्यांची संख्याही मागवा. सहा, सहा, सहा यायला हवं. पहिल्या उदाहरणात सेंट्रलपुढे तेरा दिसेल, दुसऱ्यात पाच आणि सात. एकाच विभागात दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे पान पुन्हा वाचावं लागतं.

ठाणं सेंट्रलमध्ये सरकवण्याचा मोह होतो, हे मी उगाच म्हणत नाही. ठाणं अहमदाबाद, खेडा, पंचमहाल, भडोच आणि सुरतेबरोबर नॉर्दर्नमध्ये बघून आपल्याला ते चुकीचंच वाटतं. पण १९०१ चा प्रशासकीय विभाग तोच होता. कोकण तेव्हा दोन विभागांत वाटलेलं होतं: ठाणं गुजरातच्या जिल्ह्यांसोबत, कुलाबा आणि रत्नागिरी धारवाड-बेळगावसोबत. ‘विभाग’ रकान्यावर पिव्हट केलंत तर कोकण कुठेच दिसणार नाही. तुमचा प्रश्न मुंबईच्या गिरण्यांकडे माणसं पाठवणाऱ्या मुलखाचा असेल, तर ही गैरसोय मोठीच.

तरी खाली भरलेलं नाव बदलू नका. ते छापील कागदाचं म्हणणं आहे आणि ताळा त्यावरच उभा आहे. शेजारी ‘प्रदेश’ असा वेगळा रकाना करा, त्यात ठाणं, कुलाबा, रत्नागिरीपुढे ‘कोकण’ लिहा आणि पिव्हट त्यावर चालवा: २५,८४,९२६. ही बेरीज तुमची आहे, जनगणनेच्या या विभागवारीची नाही, हे रकान्याच्या नावावरूनच कळतं. पुढे १९११ चं पान जोडाल तेव्हा खानदेशाच्या जागी पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे येतील, कारण १९०६ मध्ये त्याची फाळणी झाली. सहाच्या जागी सात मोजले गेले तर घाबरू नका. त्यासाठीही ‘तुलनेचा जिल्हा’ असा एक रकाना वाढवायचा आणि दोघांपुढे ‘खानदेश’ लिहायचं.